इनबॉक्समधला दादा

*घरात सांगता येत नाही, कॉलेजात सांगायची हिंमत होत नाही. मग आपल्यासारखं कुणीतरी फोनमध्ये शोधायचं. तिथं माणसं भेटतातही. पण भेटलेल्यांपैकी कोण खरंच आपलं आणि कोण आपल्या एकटेपणावर टपलेलं, हे ओळखायचं कसं?*

‘हाय. इथे आपल्या जिल्ह्याचं कुणी आहे का?’

रात्रीचे साडेअकरा. टेलिग्रामवरचा एक मोठा ग्रुप. एका सतरा वर्षांच्या मुलानं हा मेसेज टाकला आणि दहा मिनिटांत त्याच्या इनबॉक्समध्ये नऊ जण येऊन उभे राहिले.

या मुलाला आपण ओंकार म्हणू. ओंकार नावाचा एकच कुणी मुलगा नाहीये. अनेकांच्या बाबतीत जे घडतं ते एकत्र करून त्याची गोष्ट सांगतोय. तालुक्याचं गाव, एकच ज्युनिअर कॉलेज, बारावी सायन्स. वडिलांचा जुना फोन त्याच्याकडे आलाय. आपल्याला मुलं आवडतात हे त्याला नववीपासून माहिती आहे आणि आजवर एकाही माणसाजवळ तो ते बोललेला नाही. तुमच्यापैकी कुणाला हे वाचताना ‘अरे, हे तर माझंच’ असं वाटलं तर पुढचं नीट वाचा. आणि तुम्ही क्वीअर नसाल तरी वाचा. तुमच्या वर्गात, हॉस्टेलच्या रूममध्ये एखादा ओंकार असणारच आणि अडचणीत सापडला तर तो कदाचित तुमच्याकडेच येईल.

तर नऊ मेसेज. सहा जणांनी थेट विचारलं, ‘एज? लोकेशन? पिक?’ ओंकारनं त्यांना ब्लॉक केलं. इतकं त्याला कळत होतं. दोघांनी नुसतं ‘हाय’ केलं. नववा मेसेज मात्र वेगळा होता. ‘अरे, असं उघड गाव विचारू नकोस, इथे लोक चांगले नाहीत. घाबरू नकोस, मी पण याच भागातला आहे. दादा समज मला.’

ओंकारला हायसं वाटलं. आणि इथेच गंमत आहे. ज्या सहा जणांना आपण घाबरतो त्यांना ओळखणं सोपं असतं. खरी परीक्षा नवव्या मेसेजची.

दादा पायरी पायरीनं येतो

पहिल्या आठवड्यात दादा फक्त ऐकतो. अभ्यास झाला का, जेवलास का, घरी कोण कोण असतं. ज्या मुलाशी याविषयी कुणी कधी एक वाक्य बोललेलं नाही, त्याला रोज दोन तास ऐकणारं माणूस मिळतं. यात लगेच संशय घेण्यासारखं काही नाही. चांगला मित्रही हेच करेल. पण या गप्पांतून दादाला तीन गोष्टी कळलेल्या असतात. फोन कुणाच्या नावावर आहे, घरी कळलं तर सगळ्यात जास्त भीती कुणाची आहे, आणि ओंकारला याविषयी बोलायला दुसरं कुणी आहे की नाही.

दुसऱ्या आठवड्यात दोघं ग्रुप सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ‘इथे अ‍ॅडमिन सगळं बघतात’ असं दादा सांगतो. खरं तर अ‍ॅडमिनला खासगी चॅट दिसत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आल्यामुळे ओंकारचा नंबर त्याच्या हातात जातो आणि नंबरावरून आडनाव, इन्स्टाग्राम, कॉलेज शोधायला फार वेळ लागत नाही.

मग येते मेहेरबानी. ओंकारचा रिचार्ज संपलेला असतो, दादा न मागता तो मारून देतो. रक्कम किरकोळ असते, पण त्यानंतर ‘नाही’ म्हणताना जीभ अडखळायला लागते. त्याच सुमारास दादा इतरांबद्दल बोलायला लागतो. ‘त्या ग्रुपमध्ये जाऊ नकोस, सगळे वापरून घेणारे आहेत. तुला माझ्यासारखं कुणी समजून घेणार नाही.’ हळूहळू ओंकारचं जग पुन्हा एकाच माणसाचं होतं. आधी तो एकटा होता, आता तो दादाबरोबर एकटा आहे.

आणि तिसऱ्या आठवड्यात फोटो. एकदम नको तो फोटो कुणी मागत नाही. आधी चेहऱ्याचा, मग शर्ट न घातलेला, मग ‘मी माझा पाठवला, तुझा विश्वास नाही का?’ ओंकारनं पाठवला. दोन दिवसांनी तालुक्याच्या लॉजवर भेटायला ये म्हणून निरोप आला. ओंकार नको म्हणाला, तेव्हा उत्तर आलं, ‘तुझ्या वडिलांचा नंबर आहे माझ्याकडे.’

पाहा, दादा खोटा नव्हता. त्याचा चेहरा खरा होता, गाव खरं होतं, व्हिडिओ कॉलवरही तोच होता. आपण फेक प्रोफाइल पकडण्याच्या युक्त्या शिकतो. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघतो, व्हिडिओ कॉल करायला लावतो. त्या जरूर वापरा, चोरलेल्या फोटोंवर चालणारी प्रोफाइल्स त्यात उघडी पडतात. पण त्यातून समोरचा माणूस तोच आहे एवढंच कळतं. त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही.

मग कळतं कशावरून?

सगळ्यात भरवशाची परीक्षा म्हणजे एक छोटं ‘नाही’. आणि ते लवकर म्हणायचं, अजून काहीच पणाला लागलेलं नसताना. ‘मला व्हॉट्सअ‍ॅपवर नाही यायचं, इथेच बोलू.’ ‘आज कॉल नको.’ ‘कॉलेजचं नाव नाही सांगणार.’ एवढं म्हणा आणि पुढचे दोन दिवस काय होतं ते बघा.

चांगला माणूस ‘ओके’ म्हणतो आणि विषय संपतो. त्याला कदाचित वाईट वाटेल, पण ते वाईट वाटणं तो तुमच्या डोक्यावर ठेवणार नाही. ज्याचा हेतू वेगळा आहे तो तुमच्या ‘नाही’शी वाद घालतो. रुसतो, दोन दिवस गायब होतो, ‘एवढं केलं तुझ्यासाठी’ म्हणतो, किंवा तीच मागणी जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा आणतो. ओंकारनं दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपला नाही म्हटलं असतं, तर दादाचा खरा सूर त्याला फोटोच्या आधीच ऐकू आला असता.

दुसरी खूण गुपिताची. इथे थोडा विचार करावा लागतो, कारण क्वीअर मुलांच्या आयुष्यात गुपित असतंच. ‘तुझ्याबद्दल मी कुणाला सांगणार नाही’ असं म्हणणारा माणूस तुमचं गुपित जपतोय. ‘माझ्याबद्दल तू कुणाला सांगू नकोस’ असं म्हणणारा स्वतःचं जपतोय. पहिला तुमच्या बाजूचा असू शकतो. दुसरं वाक्य वयानं मोठ्या माणसाकडून तुमच्यासारख्या सतरा-अठरा वर्षांच्या व्यक्तीला ऐकू आलं, तर थांबा. आपल्याशी रात्री दोन-दोन तास बोलणारा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा माणूस स्वतःच्या वयाच्या मित्रांत कधीच दिसत नाही, हेही लक्षात घ्या.

चांगला ग्रुप शोधताना

हे वाचून सगळं बंद करून बसावंसं वाटेल. तसं करू नका, कारण एकटेपणाच दादासारख्यांचं भांडवल असतं. तुम्हाला बोलायला चार माणसं असतील तर पाचव्याला तुम्हाला कोंडीत पकडणं अवघड जातं.

शोध कुठून सुरू करायचा, याला फार महत्त्व आहे. टेलिग्रामवर जिल्ह्याचं नाव टाकून जे ग्रुप सापडतात ते बहुतेक वेळा भेटीगाठी जुळवणारे असतात आणि ते कोण चालवतं हे कुणालाच माहीत नसतं. त्याऐवजी उलट्या बाजूनं जा. आधी अशी संस्था शोधा जिला नाव, पत्ता आणि जाहीर ओळख आहे, आणि तिच्या वेबसाइटवरून किंवा अधिकृत अकाउंटवरून तिच्या ग्रुपपर्यंत पोचा. मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून काम करतो. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीतून भरपूर लिहिलंही आहे. इंग्रजी जमत असेल तर ट्रेवरस्पेस हा 13 ते 24 वर्षांच्या क्वीअर मुलामुलींसाठीचा, देखरेख असलेला ऑनलाइन मंच आहे. कुणी या संस्थांचं नाव सांगून थेट इनबॉक्समध्ये आलं, तर त्याच्या लिंकवर जाऊ नका. स्वतः संस्थेची साइट उघडून तिथून संपर्क करा.

एक अडचण आधीच सांगून ठेवायला हवी. भारतातले अनेक क्वीअर ग्रुप आणि कार्यक्रम फक्त 18 वर्षांवरच्यांसाठी असतात. सतरा वर्षांच्या मुलाला ते आत घेत नाहीत आणि त्याला वाटतं, ‘इथेही मी नकोच.’ पण ते तुम्हाला टाळत नसतात. अठराच्या आतल्यांची कायदेशीर जबाबदारी फार मोठी असते. म्हणून वय विचारणारा आणि ‘अजून थांब, तोवर हेल्पलाइनवर बोल’ म्हणणारा ग्रुप चांगला समजा. ‘वय काय विचारतोस, ये ना’ म्हणणारा नव्हे. आणि ग्राइंडरसारखी डेटिंग अ‍ॅप्स 18 वर्षांवरच्यांसाठीच आहेत. खोटं वय टाकून तिथं गेलात तर काही बिघडल्यावर तक्रार करायला तुमचाच पाय मागे ओढला जातो.

ग्रुपमध्ये शिरल्यावर आठवडाभर काहीच बोलू नका, फक्त वाचा. नवीन माणूस आला की लोक त्याला काय विचारतात? कसा आहेस विचारतात की फोटो मागतात? कुणी ‘अमुक जण मला इनबॉक्समध्ये त्रास देतोय’ अशी तक्रार केली तर अ‍ॅडमिन काय करतो? त्या माणसाला बाहेर काढतो, की ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणतो? नियम कुठे लिहिलेले आहेत का, आणि न विचारता इनबॉक्समध्ये जायचं नाही हा नियम त्यात आहे का? तक्रारीचं काय होतं यावरून तो ग्रुप कुणासाठी चालवला जातो ते बरंचसं कळतं.

आधी फोन आवरा

ओंकारच्या फोनमध्ये वडिलांचं जीमेल होतं. म्हणजे त्याचे फोटो वडिलांच्या गूगल फोटोजमध्ये बॅकअप होत होते आणि यूट्यूबवर काय शोधलं तेही त्याच अकाउंटच्या हिस्टरीत जमा होत होतं. ब्राउझरमधली इनकॉग्निटो विंडो याला आळा घालत नाही, ती फक्त ब्राउझरपुरती असते. तेव्हा पहिलं काम हे. फोनमध्ये कुणाकुणाची अकाउंट्स आहेत ते बघा आणि या सगळ्यासाठी स्वतःचा वेगळा ईमेल वापरा. युजरनेममध्ये नाव, आडनाव, जन्मसाल नको.

मग नंबर लपवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे अनोळखी ग्रुपसाठी ते बरं नाही. तिथं Settings > Privacy > Groups मध्ये My contacts करून ठेवा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर ग्रुपात ओढणार नाही. टेलिग्रामवर Settings > Privacy and Security > Phone Number मध्ये Nobody निवडा आणि खाली येणाऱ्या ‘नंबरावरून कोण शोधू शकेल’ या पर्यायात My Contacts ठेवा. इन्स्टाग्रामवर दुसरं अकाउंट उघडलंत तर कॉन्टॅक्ट सिंक बंद करा. नाहीतर तुमचं ते नवीन अकाउंट ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून थेट मावसभावाच्या स्क्रीनवर जाऊन बसेल. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करायला विसरू नका.

सेटिंग्ज नीट असूनही माणूस ओळखू येतो तो त्यानं सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टींवरून. मोठ्या शहरात ‘मी बारावी सायन्सला आहे’ यानं काही होत नाही. एकच कॉलेज असलेल्या गावात ‘बारावी सायन्स, हॉस्टेल, गॅदरिंगला हार्मोनियम वाजवली’ एवढ्यावर अख्खं नाव-गाव निघतं. एकेका माणसाला एकेक तुकडा सांगितलाय असं वाटतं, पण सगळे तुकडे एकाच चॅटमध्ये जमा होतात.

धमकी आलीच तर

आता ओंकारकडे परत येऊ. ‘वडिलांचा नंबर आहे माझ्याकडे’ हा मेसेज वाचून त्याचे हात थरथरताहेत. पहिली इच्छा होते सगळं डिलीट करायची. नेमकं तेच करायचं नाही.

आधी स्क्रीनशॉट. धमकीचे मेसेज, त्याचं युजरनेम, नंबर, तारीख-वेळ, पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडी. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडचं चॅट पुसू शकतो, म्हणून उशीर नको. सीक्रेट चॅटमध्ये स्क्रीनशॉट निघत नसेल तर दुसऱ्या फोननं स्क्रीनचा फोटो घ्या. पुरावा धमकीचा हवा. तुमचा तो खासगी फोटो पुरावा म्हणून मित्राला वगैरे पाठवू नका. त्यानं तो फोटो आणखी एका फोनमध्ये जातो आणि वय अठराच्या आत असेल तर असा फोटो पुढे पाठवणं कायद्यातही अडचणीचं आहे.

दुसरं, पैसे द्यायचे नाहीत आणि भेटायलाही जायचं नाही. एकदा दिलं की हा माणूस देतो हे समोरच्याला कळतं आणि मागणी वाढत जाते. आधीच दिले असतील तर लाजून बसू नका, तो व्यवहारही पुरावाच आहे. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं. cybercrime.gov.in वर ऑनलाइन तक्रार करता येते.

तिसरं, फोटो पसरण्याआधी अडवायचा प्रयत्न. फोटो काढला तेव्हा वय अठराच्या आत असेल तर takeitdown.ncmec.org ही मोफत सेवा आहे. त्यात नाव सांगावं लागत नाही आणि फोटोही कुठे पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो हुडकून हटवू शकतात. अठरा पूर्ण असतील तर अशीच सेवा stopncii.org वर आहे. याला मर्यादा आहे. कुणाच्या खासगी चॅटमध्ये गेलेला फोटो यानं परत येत नाही. पण ‘इन्स्टावर टाकतो’ या धमकीतली हवा बरीच निघते.

आणि कायदा? ब्लॅकमेल करणारे हमखास म्हणतात, ‘जा पोलिसात, तूच आत जाशील.’ हे साफ खोटं आहे. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं दोन सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले आणि 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं 377 कलमच नाही. समलिंगी असणं गुन्हा नाही, धमकी देऊन उकळणं हा गुन्हा आहे. शिवाय ओंकार सतरा वर्षांचा आहे. पोक्सो कायदा 18 वर्षांखालच्या सगळ्यांना लागू होतो, मुलग्यांनाही. त्याला फोटो मागणारा दादा ‘तो स्वतःहून पाठवत होता’ म्हणून सुटत नाही.

या कायद्याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. अठराच्या आतल्या व्यक्तीबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षकांना, समुपदेशकांनाही. त्यामुळे ‘कुणाला सांगणार नाही ना?’ असं विचारल्यावर प्रामाणिक समुपदेशक सरसकट ‘हो’ म्हणणार नाही. तुम्ही सुरुवातीलाच विचारा, ‘कुठली गोष्ट तुम्हाला कळवावी लागते?’ आणि उत्तर ऐकून मग बोला. पोलिसात जबाब द्यायची वेळ आलीच, तर तो आईवडिलांसमोर किंवा ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा दुसऱ्या कुणासमोर घेता येतो, असं याच कायद्यात लिहिलंय. घरी कळण्याचा धोका पूर्ण टळतो असं मात्र कुणीच सांगू शकत नाही. म्हणून सोबतीला एक मोठं माणूस आधी शोधून ठेवणं शहाणपणाचं. मावशी असेल, एखाद्या मॅडम असतील, मित्राची ताई असेल.

रात्री दोन वाजता असं कुणीच आठवत नसेल तर 1098 ही चाइल्डलाइन आहे, आणि मन फारच खचलं असेल तर 14416 वर टेलिमानस आहे. दोन्ही मोफत आणि चोवीस तास. तिथं सुरुवात ‘मी गे आहे’ इथून करावी लागत नाही. ‘एक माणूस मला धमकी देतोय’ एवढंही पुरतं.

ओंकारनं अखेर हॉस्टेलमधल्या रूममेटला उठवलं. ‘एक जण ब्लॅकमेल करतोय’ एवढंच सांगितलं, का ते सांगितलं नाही. रूममेटनंही विचारलं नाही. दोघांनी मिळून स्क्रीनशॉट काढले, मग दादाला ब्लॉक केलं, सकाळी 1098 ला फोन लावला. त्या रात्री ओंकारला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रूममेटनं ‘का’ न विचारण्याचा. तुमच्याकडे असं कुणी आलं तर हे लक्षात असू द्या.